ई-इन्व्हॉइसची ५ कोटींची मर्यादा नकळत ओलांडली आणि आयआरएनची नोटीस आली, तर काय करावे

नोटिशीत साधारण इतकंच असतं: तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली आहे, जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत पार्ट्यांना केलेली विक्री दिसते, पण त्या बिलांवर आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइस पोर्टलवर बिल नोंदवल्यावर मिळणारा इन्व्हॉइस संदर्भ क्रमांक नाही, खुलासा करा. सोबत बिलांची यादी. दुकानदाराची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "आपली उलाढाल पाच कोटी कुठे आहे?" घोळ बहुतेक वेळा याच वाक्यात असतो.

एक उदाहरण धरून चालू. सांगलीत पाइप, मोटारी आणि पशुखाद्य विकणारी एकाच मालकाची पेढी आहे, आणि बेळगावात तिची छोटी शाखा. मालकाच्या डोक्यात २०२३-२४ चा आकडा ३ कोटी ९० लाखांचा, कारण सांगलीची करपात्र विक्री तेवढीच होती. नोटीस आली ती २०२४-२५ मधल्या १८६ बिलांसाठी.

आधी उलाढाल नीट मोजा

कायद्यातली 'एकूण उलाढाल' जीएसटी क्रमांकाची नसते, पॅनची असते. त्या पॅनवर देशभरात जितके जीएसटी क्रमांक आहेत, त्या सगळ्यांची विक्री एकत्र धरायची. करपात्र विक्री, करमाफ विक्री, निर्यात, आणि आपल्याच दुसऱ्या राज्यातल्या शाखेला पाठवलेला माल, सगळं त्यात येतं. जीएसटीची रक्कम वगळायची, तसंच ज्या खरेदीवर आपण रिव्हर्स चार्जने कर भरतो तीही वगळायची.

आता सांगलीचा हिशेब पाहा. करपात्र विक्री ३ कोटी ९० लाख, यात बेळगावला पाठवलेला मालही आहे. करमाफ पशुखाद्य ७४ लाख. बेळगाव शाखेची विक्री ४४ लाख. मालकाने स्वतःच्या नावावरचा गाळा महिना २० हजारांनी भाड्याने दिलाय, तो पॅनही तोच, म्हणून आणखी २ लाख ४० हजार. बेरीज ५ कोटी १० लाख ४० हजार. शाखेला पाठवलेला माल एकदा पाठवताना आणि पुन्हा तिथे विकताना असा दोनदा मोजला जातो, हे लोकांना पटत नाही, पण नियम तसाच आहे.

दुसरी गोष्ट वर्षाची. १ ऑगस्ट २०२३ पासून मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासूनच्या *कोणत्याही* मागील आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर ई-इन्व्हॉइस लागू. म्हणजे एखाद्या वर्षी मोठं काम मिळालं, आकडा वर गेला, आणि पुढच्या वर्षी खाली आला, तरी सुटका नाही. आपल्या उदाहरणात मर्यादा २०२३-२४ मध्ये ओलांडली, म्हणून बंधन १ एप्रिल २०२४ पासून. २०२४-२५ ची उलाढाल ४ कोटी ६१ लाखांवर उतरली तरी त्याने काही बदलत नाही.

पडताळणीसाठी gst.gov.in वर लॉग इन केलं की डॅशबोर्डवर `Annual Aggregate Turnover (AATO)` दिसतं. तो आकडा तुमच्या जीएसटीआर-३बी वरून काढलेला असतो, म्हणून तो आणि वहीतला आकडा दोन्ही शेजारी ठेवा. einvoice.gst.gov.in वर जीएसटी क्रमांक टाकून पोर्टलने तुम्हाला सक्षम केलंय का तेही कळतं. पण तिथे नाव नसणं म्हणजे सूट नव्हे. ती यादी यंत्रणेने आपोआप केलेली असते; जबाबदारी ठरते उलाढालीवरून.

एक खूण मात्र आधीच मिळालेली असते. तिमाही विवरणपत्राची सोय ५ कोटींपर्यंतच आहे. ती बंद होऊन अचानक दर महिन्याला भरायची वेळ आली असेल, तर तोच इशारा होता. त्यावेळी कर सल्लागाराला कारण विचारलं असतं तर नोटिशीपर्यंत गोष्ट आली नसती.

सूट असलेले धंदेही आहेत: बँका, विमा कंपन्या, एनबीएफसी, माल वाहतूक एजन्सी, प्रवासी वाहतूक, मल्टिप्लेक्सची तिकिटं, सेझमधली युनिट्स. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्तर एका परिच्छेदात संपतं.

नोटिशीतली यादी वहीशी लावा

नोटीस पोर्टलवर आहे का ते `Services > User Services` मधल्या `View Notices and Orders` आणि `View Additional Notices/Orders` या दोन्ही ठिकाणी बघा. नुसत्या व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफवर पैसे भरू नका.

मग एका एक्सेलमध्ये प्रत्येक बिल घ्या: क्रमांक, तारीख, पार्टीचा जीएसटी क्रमांक, करपात्र रक्कम, कर, आणि ते कोणत्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं. नोंदणी नसलेल्या ग्राहकांची बिलं आणि करमाफ मालाची 'बिल ऑफ सप्लाय' यांना आयआरएन लागत नाही, ती वेगळी काढा. क्रेडिट नोट, डेबिट नोट, निर्यातीची बिलं आणि शाखेला केलेली बिलं यांना लागतो.

इथे एक प्रकार हमखास सापडतो. आयआरएन घेतलेला असतो, तरी बिल नोटिशीत असतं. ई-इन्व्हॉइसमधून बिल जीएसटीआर-१ मध्ये आपोआप येतं आणि त्यासोबत आयआरएनही येतो. पण अकाउंटंटने नेहमीच्या सवयीने टॅलीतून फाइल पुन्हा वर चढवली, तर आधीची नोंद पुसली जाते आणि नव्या नोंदीत आयआरएनचा रकाना रिकामा राहतो. अशा बिलांसाठी आयआरएन पोर्टलवरून यादी काढून उत्तराला जोडली की झालं.

आजपासूनची बिलं आधी सुरळीत करा

उत्तर लिहायच्या आधी हे करा, कारण नोटीस आल्यानंतरही साधी बिलं फाडत राहिलात तर अजाणतेपणाचा मुद्दा तुम्हीच गमावता. पोर्टलने सक्षम केलेलं नसेल तर einvoice1.gst.gov.in वर `Registration` मधून `e-Invoice Enablement` करून घ्या. लॉग इनला ओटीपी लागतो, म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो जुन्या अकाउंटंटचा निघाला तर आधी तो बदला. बिलं थोडी असतील तर पोर्टलवरची मोफत साधनं पुरतात. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एचएसएन कोडही ६ अंकी लागतो. बिल अडकण्याची कारणं बहुतेक साधी असतात: पिनकोड आणि राज्य जुळत नाही, पैशांच्या गोळाबेरजेत एकूण रक्कम चुकते, किंवा पार्टीची नोंदणी रद्द झालेली असते.

जुन्या बिलांचं काय

इथे घाईत मोठी चूक होते. जुनं बिल रद्द करून आजच्या तारखेला नव्या क्रमांकाने बिल काढू नका. त्याने विक्री दोनदा दिसते, पार्टीने घेतलेलं क्रेडिट उलटंपालटं होतं, आणि साधी त्रुटी संशयास्पद व्यवहारासारखी दिसायला लागते.

ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांत आयआरएन घ्यावा लागतो. त्यानंतर पोर्टल बिल नाकारतं. १० कोटींच्या खाली ही अडवणूक नाही. म्हणून सांगलीची पेढी जुन्या बिलांवर त्याच क्रमांकाने, त्याच तारखेने आज आयआरएन घेऊ शकते. माझ्या मते तो घ्यावाच. उशीर त्याने पुसला जात नाही, कारण आयआरएन बिल देतानाच घेणं अपेक्षित आहे. पण नियम ४८(५) नुसार आयआरएनविना दिलेलं बिल हे बिलच मानलं जात नाही, आणि त्या तरतुदीमुळे तुमच्या पार्टीच्या क्रेडिटवर बोट ठेवलं जाऊ शकतं. क्यूआर कोड असलेली नवी प्रत त्यांना पाठवली तर निदान त्यांच्या हातात कागद राहतो. ही बिलं चालू महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये पुन्हा घेऊ नका. ती त्या त्या महिन्यात आधीच दाखवलेली आहेत.

१८६ पैकी दोन बिलांच्या पार्ट्यांची नोंदणी रद्द झाली असेल आणि आयआरएन निघाला नाही, तर पोर्टलने दाखवलेल्या त्रुटीचा स्क्रीनशॉट ठेवा.

उत्तर कसं लिहावं

दंडाचा आकडा समजून घ्या, म्हणजे कशासाठी लिहितोय ते कळेल. कलम १२२ मध्ये बिल न देण्याबद्दल १० हजार रुपये किंवा चुकवलेला कर, यांतलं जे जास्त ते, केंद्र आणि राज्य दोन्हीकडे. कर पूर्ण भरलेला असेल तर चुकवलेला कर शून्य, म्हणजे २० हजार. पण तेच प्रत्येक बिलामागे लावलं तर १८६ बिलांचे ३७ लाख २० हजार होतात. कलम १२५ चा सर्वसाधारण दंड दोन्हीकडे प्रत्येकी २५ हजारांपर्यंत आहे. म्हणून उत्तरात कर भरल्याचा पुरावा सगळ्यात वर हवा. मजकूर असा ठेवता येईल:

"सोबतच्या परिशिष्टातील १८६ बिले संबंधित महिन्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवली असून त्यावरील संपूर्ण कर जीएसटीआर-३बी द्वारे भरलेला आहे. करमाफ विक्री व बेळगाव शाखेची विक्री धरून आमची २०२३-२४ ची एकूण उलाढाल ५ कोटींहून अधिक झाल्याचे आमच्या लक्षात आले नाही. आता १८४ बिलांचे आयआरएन घेतले असून उर्वरित २ बिलांचे कारण नमूद केले आहे. महसुलाचे नुकसान झालेले नाही. कलम १२६ विचारात घेऊन दंड आकारू नये, ही विनंती."

कलम १२६ मध्ये फसवणुकीचा हेतू नसलेल्या, सहज दुरुस्त होणाऱ्या कागदोपत्री चुकीवर दंड लावू नये असं म्हटलंय. मात्र जिथे दंडाची रक्कम ठराविक आहे तिथे ते लागू होत नाही, आणि अधिकारी कलम १२२ साठी हेच म्हणू शकतात. म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. तपासताना एखाद्या बिलावर कर कमी भरलेला निघाला, तर तो व्याजासह डीआरसी-०३ या फॉर्मने आधी भरा आणि मग उत्तर द्या.

नोटीस एएसएमटी-१०, म्हणजे विवरणपत्रांच्या छाननीची, असेल तर उत्तर एएसएमटी-११ मध्ये, डीआरसी-०१ असेल तर डीआरसी-०६ मध्ये, पोर्टलवरच. डीआरसी-०१ ही कारणे दाखवा नोटीस असते. त्यात प्रत्यक्ष सुनावणीची मागणी लेखी करा आणि तिथे सीए किंवा कर सल्लागाराला सोबत न्या. साधं पत्र असेल तरी उत्तर मुदतीत द्या आणि पोचपावती घ्या. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत मुदतवाढ मागा.

अकाउंटंटला यापुढे दोन गोष्टी सांगून ठेवा. आयआरएन घेतल्यावर बिल चुकलेलं दिसलं तर रद्द करायला पोर्टलवर २४ तासच मिळतात. नंतर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. आणि दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र मांडायची, कारण ती १० कोटींवर गेली की राहिलेल्या बिलांना मागाहून आयआरएन घ्यायचा रस्ता ३० दिवसांनी बंद होतो.