अनोळखी मालकाला साइटमधली चूक कळवताना

"तुमची वेबसाइट जुनाट झालीय" असं लिहिलं की मेल तिथेच संपतो. आपल्याकडे साइट बरेचदा घरच्याच भाच्याने केलेली असते, आणि बोलणं त्याला लागतं. म्हणून चूक एकच धरा, तीही गिऱ्हाईक जिथे अडतं तिथली.

गुहागरच्या एका होमस्टेला आम्ही पाठवलेला मेल असा. विषय: "साइटवरच्या नंबरवर मोबाइलवरून कॉल लागत नाही".

"नमस्कार. मोबाइलवर तुमची साइट बघत होतो. खोल्यांचे दर लगेच सापडले. फोन करायला नंबरवर बोट ठेवलं, पण तो वरच्या फोटोतच छापलेला असल्याने काहीच झालं नाही. साइट सांभाळणाऱ्याला खालची ओळ पाठवा, X च्या जागी तुमचा नंबर:

```
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
```

ती फोटोखाली टाकली की काम होईल. आम्ही चिपळूणला वेबसाइटची कामं करतो. अडलं तर कळवा."

यात "तुम्ही चुकलात" कुठेच नाही. अडलो तो मी. दरांबद्दलचं कौतुक खरं होतं म्हणूनच लिहिलं, नसतं तर ते वाक्य गाळलं असतं. उपाय फुकट सांगून टाकला. दरपत्रक जोडलं नाही, अनोळखी माणसाची फाइल कोण उघडतं?

पाठवण्याआधी दोन वेगळ्या फोनवर ती चूक पुन्हा दिसते का ते बघा. साइट नुसती उघडतच नसेल, तर आधी आपलीच रेंज तपासा.