ढोल-ताशाच्या सरावाचा व्हिडिओ एआय टूलकडून तपासून घेताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे दोन महिने पुण्यात नदीपात्राच्या कडेनं संध्याकाळी चाललं की एका पथकाचा ठेका संपायच्या आत दुसऱ्याचा कानावर येतो. सराव संपला की फोनवर घेतलेला व्हिडिओ लगेच ग्रुपवर पडतो. हल्ली तोच व्हिडिओ एआय टूलमध्ये टाकून विचारलं जातं, ‘कोणाचा हात मागे पडतोय?’ उत्तरही झटकन येतं: ‘तिसऱ्या रांगेतला डावीकडचा वादक ०१:१२ ला टिपरू उशिरा मारतो.’ मिनिट आणि सेकंद दिलेला असल्यामुळे शंका येत नाही, आणि पुढच्या सरावाला त्या पोराला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं.

माझ्या ओळखीच्या एका पथकात असंच उत्तर आलं होतं. आम्ही तो तुकडा एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. त्या क्षणी त्या वादकाचं टिपरू पुढच्या उंच मुलाच्या पाठीमागे पूर्ण झाकलेलं होतं. जे दिसतच नव्हतं, ते ‘उशिरा मारलं’ हे टूलनं कशावरून सांगितलं?

व्हिडिओ वर चढला म्हणजे टूलनं तो आपल्यासारखा सलग पाहिला, असं बहुतेक वेळा होत नाही. काही टूल व्हिडिओतल्या आवाजाचा फक्त मजकूर काढतात आणि तो वाचून उत्तर देतात. काही ठरावीक अंतरानं थोडी स्थिरचित्रं उचलतात. काही टूल चित्रांबरोबर आवाजही ऐकतात. समोरचं टूल यातलं काय करतं हे कळल्याशिवाय त्याच्या उत्तराचं वजन ठरवता येत नाही.

चूक पहिली: ‘तू व्हिडिओ पाहिलास का?’ असं टूललाच विचारणं

टूल ‘हो, पूर्ण पाहिला’ म्हणालं तरी तो पुरावा नाही. फाइल आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आली हे भाषेच्या मॉडेलला नेहमी नीट ठाऊक असतंच असं नाही, आणि प्रश्नाच्या सुराला जुळेल असं उत्तर देण्याकडे त्याचा कल असतो.

त्यापेक्षा एक छोटी परीक्षा घ्या. फोन स्टँडवर लावा, एका कार्डावर ठळक ४७ लिहा, ते पाच-सहा सेकंद कॅमेऱ्यासमोर स्थिर धरा आणि तोंडानं स्पष्ट म्हणा, ‘माझ्या हातात तेवीस नंबर आहे.’ हा व्हिडिओ टाकून ‘हातात कोणता नंबर आहे?’ एवढंच विचारा. उत्तर तेवीस आलं तर टूल बोललेलं वाचतंय, चित्र बहुधा त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. सत्तेचाळीस आलं तर चित्रं पोचताहेत. ‘हातात ४७ आहे, पण बोलताना तेवीस म्हटलंय’ असं आलं तर चित्र आणि बोलणं दोन्ही पोचतंय.

मग दुसरा व्हिडिओ करा. वेगवेगळ्या आकड्यांची सहा कार्डं, प्रत्येक जेमतेम अर्धा सेकंद दाखवायचं, मध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्यायचे, तोंडानं काही बोलायचं नाही. टूल सेकंदाला एक चित्र उचलत असेल तर निम्म्याच्या आसपास कार्डं त्याच्या हातून सुटतील. कोणती सुटतील ते नशिबावर. ही परीक्षा पाच मिनिटांत होते आणि टूलची नवी आवृत्ती आली की पुन्हा घ्यावी, कारण त्याची पद्धत मधल्या मध्ये बदललेली असू शकते.

चूक दुसरी: लिंक दिली म्हणजे व्हिडिओ दिला असं समजणं

यूट्यूबची लिंक चिकटवली की अनेक टूल व्हिडिओचं शीर्षक, खालचं वर्णन आणि सबटायटल एवढंच उचलतात. भाषणाच्या व्हिडिओला ते चालून जातं. ढोल-ताशाच्या सबटायटलमध्ये मात्र ‘[संगीत]’ आणि मध्येच प्रशिक्षकाची एखादी हाक, याशिवाय काय असणार? मग टूल बाकीचं स्वतःच्या कल्पनेनं भरतं. ओळखायची खूण सोपी आहे. साध्या सरावाच्या व्हिडिओबद्दल त्यानं ‘पारंपरिक वेशातले वादक’ आणि ‘फडकणारा भगवा ध्वज’ लिहिला असेल, आणि तुमची पोरं ट्रॅकपँट घालून ध्वजाशिवाय वाजवत असतील, तर त्यानं मिरवणुकांबद्दल जे वाचलंय तेच तुम्हाला परत दिलंय. फाइल चढवूनही हे घडू शकतं. मीटिंगची टिपणं काढणारी टूल फाइलमधून सहसा आवाजच घेतात.

चूक तिसरी, आणि सगळ्यात मोठी: सेकंदाला एक चित्र म्हणजे पुरेसं असं मानणं

गूगलच्या जेमिनीचं उदाहरण घेऊ, कारण त्याची पद्धत त्यांच्या डेव्हलपर मार्गदर्शिकेत लिहिलेली आहे. ते चित्र आणि आवाज दोन्ही घेतं, पण नेहमीच्या सेटिंगला चित्रं सेकंदाला एक या दरानं. वेगवान हालचालीतले बारकावे यात निसटू शकतात, हेही तिथे सांगितलेलं आहे. स्वतःच्या प्रोग्राममधून, म्हणजे एपीआयमार्फत, वापरणाऱ्याला हा दर वाढवता येतो. साध्या चॅटमध्ये आपण तो ठरवत नाही.

आता सरावाचा २ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. फोननं सेकंदाला ३० फ्रेम टिपल्या असतील तर एकूण ४८०० झाल्या. टूलनं त्यातल्या १६० पाहिल्या. प्रत्येक दोन चित्रांच्या मध्ये २९ फ्रेम गेल्या, आणि टिपरू उठून ढोलाच्या पानावर पडून परत वर जाण्याचा सगळा प्रकार त्या २९ मध्येच घडून गेला.

नुसतं कमी दिसतं एवढ्यावरच हे थांबत नाही. ठेका ताल धरून चाललेला असल्यामुळे भलतंच दिसतं. समजा टिपरूचे ठोके मिनिटाला नेमके १२० आहेत, म्हणजे सेकंदाला दोन. सेकंदाला एक चित्र उचललं तर प्रत्येक चित्र ठोक्याच्या त्याच टप्प्यावर येणार. पहिल्या चित्रात हात वर असेल तर पुढच्या सगळ्या चित्रांत हात वरच. टूल मग सांगेल की सगळे वादक हात वर धरून उभे आहेत, किंवा ‘एकजीव, शिस्तबद्ध’ आहेत. लय थोडी चढून १२६ झाली तर प्रत्येक चित्र ठोक्याच्या एक दशांशानं पुढे सरकतं, आणि दहा सेकंदांत मिळून एकच संथ ठोका पडल्यासारखा दिसतो. दोन्ही चित्रं खोटी, आणि त्यांच्यावरून लिहिलेलं वाक्य वाचायला अगदी पटणारं.

हात ‘मागे पडणं’ म्हणजे किती, हेही पाहा. ठोका ७०-८० मिलिसेकंद उशिरा पडला तरी जाणत्या कानाला तो खटकतो. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे तो उशीर जेमतेम दोन फ्रेमचा. सेकंदाला एक चित्र पाहणाऱ्याकडे त्याचं उत्तर असूच शकत नाही.

मग टूलला दाखवायचं कसं?

लांब व्हिडिओ देऊ नका. जिथे शंका आहे तो एक-दोन सेकंदांचा तुकडा काढा आणि चित्रं तुम्हीच उचलून द्या. संगणकावर ffmpeg हा व्हिडिओ कापण्या-बदलण्याचा प्रोग्राम असेल तर ७०व्या सेकंदापासून एका सेकंदाची सगळी ३० चित्रं अशी निघतात:

```
ffmpeg -ss 70 -t 1 -i sarav.mp4 -vf fps=30 chitra_%02d.png
```

ही चित्रं क्रमानं टाका आणि फाइलच्या क्रमांकानंच उत्तर मागा. टूल एका वेळी इतकी चित्रं घेत नसेल तर तोच तुकडा ताणून संथ करता येतो:

```
ffmpeg -ss 70 -t 2 -i sarav.mp4 -an -vf "setpts=30*PTS" santh.mp4
```

दोन सेकंदांचा एक मिनिट झाला. आता सेकंदाला एक चित्र उचललं तरी मूळ व्हिडिओतली जवळजवळ प्रत्येक फ्रेम त्याच्यासमोर येते. `-an` मुळे आवाज गेला, त्यामुळे उत्तर आलं तर ते आवाजावरून आलेलं नाही हेही नक्की झालं. टूलनं सांगितलेली वेळ तिसानं भागायची आणि त्यात ७० मिळवायचे. टूल ००:३० म्हणालं तर मूळ व्हिडिओत तो क्षण ०१:११ चा.

फ्रेम काढण्याआधी ती वाचण्याजोगी आहे ना, हे स्वतः पाहा. संध्याकाळी दिव्याखाली फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि टिपरूच्या जागी नुसता धुरकट पट्टा उरतो. तिथे टूललाच काय, आपल्यालाही ठोका कुठे पडला ते सांगता येत नाही. उजेड असताना, ६० फ्रेमवर, फोन रांगांपेक्षा उंच धरून घेतलेला व्हिडिओच या कामाचा. तो ६० फ्रेमचा असेल तर वरच्या दोन्ही आज्ञांत आणि भागाकारात ३० च्या जागी ६० घ्या.

चूक चौथी: ‘कोण चुकतंय?’ असं विचारणं

या प्रश्नात कोणीतरी चुकतंय हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत. टूल एक नाव शोधून देणारच. त्याऐवजी असं विचारा: ‘पहिल्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या वादकाचं टिपरू पानाला टेकलेलं कोणत्या चित्रात दिसतं? दिसत नसेल तर दिसत नाही असं लिही.’ मग तोच प्रश्न शेजारच्या वादकाबद्दल. दोन उत्तरांतला फरक तुम्ही मोजा, आणि ती दोन चित्रं स्वतः उघडून बघा. व्हीएलसीमध्ये `E` दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, त्यात पडताळणी होते.

आवाजावर भरवसा ठेवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फोन पहिल्या रांगेसमोर असेल आणि शेवटची रांग तिच्यामागे १५ मीटरवर, तर मागच्यांनी अगदी बरोबर वाजवूनही त्यांचा ठोका फोनमध्ये ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे टूलनं आवाज खरोखर ऐकला आणि ‘मागची रांग मागे पडते’ म्हणालं, तरी तो दोष वादकांचा नसून अंतराचा असू शकतो. चाळीस ढोलांचा आवाज एका माइकमध्ये मिसळल्यावर त्यातून एकाचं टिपरू वेगळं काढणं तर त्याहून अवघड. एकूण लय कुठे चढली एवढंच हवं असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये आवाज उघडा. ठोक्यांची टोकं डोळ्यांना दिसतात आणि दोन टोकांमधलं अंतर थेट मोजता येतं.

सरावात किती जण होते, ताशा कोणत्या बाजूला उभा होता, रांग कधी मोडली, प्रशिक्षकानं थांबवून काय सांगितलं, हे टूलकडून बऱ्यापैकी मिळतं, कारण या गोष्टी काही सेकंद टिकतात किंवा बोलल्या जातात. मागच्या रांगेतली डोकी मात्र स्वतः मोजून घ्या.