सूर्यास्त सहाला, ऑफिस साडेसहाला: जैन घराचा आठवड्याचा मेनू

जैन मेनू कसा करायचा विचारलं की बहुतेक जण बदल्यांची यादी हातात ठेवतात. कांद्याऐवजी कोबी, बटाट्याऐवजी कच्चं केळं, आल्याऐवजी सुंठ. यादी बरोबरच आहे, पण ती पाठ करायला एक दुपार पुरते आणि तिच्यावर आठवडा निघत नाही. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, म्हणून मुंबईत जैन घराचा मेनू घड्याळावर ठरतो. संध्याकाळी कोण कुठे असेल, हे आधी लिहा. भाज्या मागाहून.

१. आपल्या घरची वेळ कागदावर लिहा

मुंबईत जुलैच्या सुरुवातीला सूर्य ७ वाजून २० मिनिटांच्या आसपास मावळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सहाला. एक तास वीस मिनिटांचा हा फरक आहे, त्यामुळे वर्षभर एकच मेनू चालवण्याचा हट्ट धरू नका. उन्हाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. मी इथे नोव्हेंबरअखेरचा आठवडा धरते, कारण सगळ्यात अडचणीचा तोच.

काही घरांत सूर्यास्ताच्या आत पान उठलं की झालं. काही घरांत सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, तोंड बंद होतं. पहिल्या रीतीने शेवटची वेळ पावणेसहा, दुसऱ्या रीतीने पाच वाजून दहा मिनिटं. घरातल्या मोठ्यांना विचारून वेळ एकदाच पक्की करा. पाणीही सोडत असाल तर तेही त्याच वेळेच्या आत.

२. तिथींवर खुणा करा

अष्टमी आणि चतुर्दशी तरी हव्यातच. ज्या घरांत पाच तिथी पाळतात तिथे द्वितीया, पंचमी आणि एकादशीही. त्या दिवशी हिरवी भाजी नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. फोडणी हातात घेतल्यावर आठवतं ते वेगळंच: हिरवी मिरची, कोथिंबीर, टोमॅटो आणि लिंबूही नाही. म्हणून लाल मिरची, आमसूल आणि आमचूर घरात भरपूर ठेवा.

३. भाजी आणा

दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, गवार, फरसबी, पापडी, सिमला मिरची, कारलं. चातुर्मास संपलेला असेल तर मेथी आणि ओला हरभराही. कोबी-फ्लॉवर आपल्या घरी चालत असेल तरच. रस्सा दाट करायला उकडलेला दुधी वाटून घाला, कांदा आठवणारही नाही. एवढं पुरे.

४. संध्याकाळचं जेवण: खरी परीक्षा इथे आहे

समजा घर मुलुंडला, नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात, ऑफिस साडेसहाला सुटतं. घरी पोचेपर्यंत अंधार. घरी आजी आणि सकाळच्या शाळेचा मुलगा. मुलीची शाळा दुपारची, ती सुटते सहाच्या सुमारास. म्हणजे चार माणसांतली दोघंच सूर्यास्ताआधी घरात आहेत. इथे लोक हमखास सल्ला देतात, की ऑफिसवाल्याने खाकरा आणि फळं खाऊन वेळ मारून न्यावी, संध्याकाळी हलकंच खावं. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. साडेपाचला खाल्लेल्या खाकऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढायचं असतं. काम करणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. रात्री नऊला पोटात कालवायला लागलं, की पंधरा दिवसांत नियम सुटतो. संध्याकाळचं जेवण पूर्ण जेवणच हवं आणि ते डब्यात जायला हवं.

म्हणून दोन डबे. पहिला बाराचा, दुसरा सव्वापाचचा. पहिला डबा दीडला खाऊन चालणार नाही, मग सव्वापाचला भूकच नसते आणि दुसरा डबा अर्धा परत येतो. बाराला दोन पोळ्या आणि भाजी एवढंच. चारचा चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं हिवाळाभर बंद. दुपारच्या शाळेच्या मुलीचंही असंच: साडेअकराला घरून वरणभात जेवून जायचं आणि मधल्या सुट्टीतला डबा खाऊचा न देता पोटभर द्यायचा.

आता दुसऱ्या डब्याचं. सकाळी साडेसातला भरलेलं अन्न संध्याकाळी सव्वापाचला खायचं आहे. मधले साडेनऊ-दहा तास मुंबईची दमट हवा. आंबतात ते पदार्थ ठरलेले आहेत. भात देऊच नका. ओलं खोबरं घातलेलं काही नको, टोमॅटोचा रस्सा नको, सकाळचं दही नको. कच्च्या केळ्याची भाजी नासत नाही, पण गार झाली की कोरडी आणि घट्ट होते, घास घशाखाली उतरत नाही. ती घरी गरम खायची.

टिकतात त्या कोरड्या, परतलेल्या भाज्या. तोंडल्याच्या काचऱ्या, गवार, फरसबी, कारल्याच्या चकत्या आणि सगळ्यांत भरवशाची म्हणजे पीठ पेरून केलेली सिमला मिरची किंवा पापडी. बेसन भाजीचं सुटलेलं पाणी ओढून घेतं. पाव किलो सिमला मिरचीला चार चमचे बेसन पुरतं, पण ते आधी कोरडं भाजून घ्या, नाहीतर गार झाल्यावर कच्चट लागतं. चवीला सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट. शेंगदाणा जमिनीत लागतो म्हणून काही जण बिचकतात, पण ते कंद नव्हे, आमच्याकडे चालतो.

पोळी मात्र साधी देऊ नका. संध्याकाळपर्यंत ती चामट होते. दशमी करा. दोन वाट्या कणकेला एक चमचा तूप, मीठ आणि साधारण पाऊण वाटी दूध, पाण्याचा थेंब नाही. दूध लागेल तसं घाला, कणीक पोळीपेक्षा किंचित घट्ट ठेवा. मंद आचेवर दोन्हीकडून तूप सोडून भाजा. प्रवासाला दशम्या नेण्याची आपल्याकडची जुनी रीत याच कारणासाठी आहे: दुधातली पोळी दुसऱ्या वेळेपर्यंत मऊ राहते.

आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे झाकण. गरम भाजी डब्यात घालून झाकण लावलं, की आत वाफ जमते, झाकणाच्या आतून थेंब धरतात आणि ते दशमीवर आणि भाजीवर पडतात. दुपारी चारपर्यंत आंबूस वास यायला हेच पाणी कारण असतं, भाजीचा दोष नसतो. भाजी कढईतून काढून ताटात पसरा, पंख्याखाली ठेवा. दशम्या सुती कपड्यावर सुट्या पसरा, एकावर एक रचू नका. हात लावून गार लागल्या की मगच भरा. याला पंधरा मिनिटं जातात, ती सकाळच्या वेळात धरून चाला. नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसातनंतर उगवतो. सूर्योदयानंतरच गॅस पेटवणाऱ्या घरांत हातात जेमतेम चाळीस मिनिटं उरतात. म्हणून या दिवसांत सकाळी भिजवलेल्या कडधान्यांच्या फंदात न पडता झटपट शिजणाऱ्या भाज्या ठेवा. डबा उघडल्यावर वास आला किंवा भाजी उचलताना तार सुटली, तर वाया गेलं म्हणून हळहळू नका, टाकून द्या.

घरी राहणाऱ्यांचं सोपं आहे. सव्वाचारला कुकर, पाचला ताटं.

५. आठवडा मांडा

रोज सकाळी दोनच भाज्या होतील असं बघा. एक ओलसर, ती पहिल्या डब्यात जाते. दुसरी कोरडी, ती दुसऱ्या डब्यात, मुलीच्या डब्यात आणि घरच्या दुपारच्या जेवणात. संध्याकाळी घरी एक भाजी. तीन वेगळ्या चवी आणि कोणाला दोनदा तेच खावं लागत नाही.

सोमवारी सकाळी दुधी-चणाडाळ आणि तोंडल्याच्या काचऱ्या, संध्याकाळी घरी मेथीची मूगडाळ घालून भाजी, ज्वारीची भाकरी, भात-तूप. मंगळवारी दोडका आणि पीठ पेरून सिमला मिरची, संध्याकाळी कच्च्या केळ्याची रसभाजी आणि वरणभात.

बुधवारी अष्टमी आहे असं धरू. सकाळी पहिल्या डब्यात घट्ट पिठलं, फोडणी हिंग-जिरं-लाल मिरचीची, आंबटाला आमसूल. दुसऱ्या डब्यात मूगडाळ अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून परतलेली सुकी डाळ, सोबत तिळाची चटणी, लसूण अर्थातच नाही. संध्याकाळी घरी पापडाची भाजी, भाकरी आणि मुगाची खिचडी. खिचडीबरोबर दही वाढू नका. डाळ आणि कच्चं दही-ताक एकत्र आलं की द्विदल होतं. ताकातलं पिठलं किंवा कढी करायची तर आमच्याकडे ताक आधी तापवून घेतात. काही घरांत तेही चालत नाही, तिथे आमसुलाचं सार करा.

गुरुवारी पडवळ आणि गवार, संध्याकाळी ओल्या हरभऱ्याची उसळ आणि भात. शुक्रवारी फरसबी दाण्याचं कूट घालून आणि कारल्याच्या चकत्या. कारलं न खाणाऱ्या मुलीला त्या दिवशी बेसनाचं धिरडं, गार करून, गुंडाळी करून. संध्याकाळी शेवभाजी, तिखट बेताचं.

शनिवारी अर्धा दिवस असेल तर दुसरा डबा नाही, सगळे घरी: सकाळी वालपापडी, संध्याकाळी डाळ-ढोकळी. रविवारी पावभाजी दुपारी एकला करा, संध्याकाळी नको. कच्चं केळं, दुधी, मटार आणि सिमला मिरची उकडून घोटायची. केळं सालासकट दोनच शिट्ट्या काढा, जास्त शिजलं की भाजी चिकट होते. पाव चालत नसेल त्या घरात तव्यावर तुपात भाजलेल्या जाड पोळ्या. दुपारचं जड झालं म्हणजे संध्याकाळी पाचला मुगाची खिचडी आणि पापड पुरतो.

उरलेलं रात्रभर ठेवायचं नाही, म्हणून माप आधीच आखडतं घ्या. चार माणसांच्या संध्याकाळच्या भाताला, दोघं बाहेर जेवणार असतील तर, पाऊण वाटी तांदूळ भरपूर होतो.

६. फेब्रुवारीत कागद बदला

फेब्रुवारीच्या मध्यात सूर्यास्त साडेसहाच्या पुढे जातो, मेमध्ये सातच्या पुढे. ऑफिस साडेपाचला सुटणारं असेल तर मार्चपासून दुसरा डबा बंद करता येतो आणि चारचा चहा परत येतो. साडेसहाला सुटणाऱ्याने जूनमध्येही तो मोह धरू नये. वांद्रे-कुर्ल्याहून मुलुंडला यायला एक गाडी चुकली तरी सूर्य गेलेला असतो. त्याचा डबा बारा महिने चालूच ठेवा, फक्त या दिवसांत खायची वेळ सव्वासहा करा आणि पहिला डबा एक वाजता.