मोठी डाउनलोड रात्री १ नंतर: फ्लॅटमधील सर्वांसाठी

आपले कनेक्शन ५० एमबीपीएसचे आहे; त्यावर ६० जीबीचा गेम पूर्ण वेगाने उतरला तरी सुमारे २ तास ४० मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ हॉलमधला चित्रपट अडखळत राहतो. म्हणून मोठी डाउनलोड आणि अपडेट संध्याकाळी ७ ते १२ या वेळेत न लावता रात्री १ ते सकाळी ७ या वेळेत लावावीत, असे ठरवू या. स्टीमच्या Settings > Downloads मध्ये स्वयंचलित अपडेटची हीच वेळ नेमता येते. नवा गेम मात्र स्वतःच सुरू करावा लागतो आणि लॅपटॉप स्लीपमध्ये गेल्यास डाउनलोड थांबते, म्हणून तो चार्जरला जोडून स्लीप बंद ठेवावा. संध्याकाळी फारच निकड असेल, तर तिथेच वेगमर्यादा 2000 KB/s ठेवावी; म्हणजे १६ एमबीपीएस वापरले जाऊन बाकीचे इतरांना उरतील.