ब्रेकआउट घेण्याआधी बाजाराचा प्रकार ठरवतो

निफ्टीत माझे ब्रेकआउट सौदे, म्हणजे भावाने महत्त्वाची पातळी तोडली की घेतलेले सौदे, सारखे स्टॉपलॉसला लागत. सेटअप तोच ठेवला, फक्त त्याआधी रोज संध्याकाळी बाजाराचा प्रकार ठरवू लागलो.

सर्वांत आधी अस्थिरता बघतो, कारण एडीएक्स हा निर्देशक ट्रेंडचा फक्त जोर सांगतो आणि घबराटीतही तो चढतो. दिवसाची ट्रू रेंज, म्हणजे आदल्या बंद भावापासूनची उडी धरून झालेली हालचाल, १४ दिवसांच्या एटीआरच्या, म्हणजे तिच्याच सरासरीच्या, दुपटीहून जास्त असेल, तर लगेच ‘अतिअस्थिर’ ठरवतो आणि नवा सौदा घेत नाही. तसं नसेल तरच एडीएक्सकडे वळतो. २५ च्या वर ट्रेंड, म्हणजे ब्रेकआउट चालेल. २० च्या खाली रेंज, तिथे ब्रेकआउट बंद. मधल्या पट्ट्यात मी थांबतो.

३ जून २०२४ हे उदाहरण बघा. एक्झिट पोलनंतर निफ्टी २२,५३१ वरून २३,२६४ वर बंद झाला. ही ७३३ अंकांची झेप तेव्हाच्या एटीआरच्या दुपटीहून मोठी होती. चार्टवर सुंदर ब्रेकआउट, पण नियमानुसार ‘अतिअस्थिर’. दुसऱ्या दिवशी, निकालाच्या दिवशी, निर्देशांक जवळपास ६ टक्के कोसळला.

एक मर्यादा आहे. एडीएक्स उशिरा वळतो, त्यामुळे नव्या ट्रेंडची सुरुवात हुकतेच. ती मी सोडून देतो.