पंधरा लाल खुणा, तीन चुका: मराठी शिकणाऱ्यांचे निबंध तपासताना

मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मोठ्या माणसांना मी संध्याकाळच्या वर्गात शिकवते. कोणी बँकेतलं, कोणी दवाखान्यातलं, कोणी नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेलं. शिकवणं मला लवकर जमलं, तपासणं नाही. ज्यांना आता पहिल्यांदा निबंधांचा गठ्ठा हातात घ्यायचाय आणि व्याकरणासाठी स्वतःचं रूब्रिक, म्हणजे गुण देण्याचा श्रेणीवार तक्ता, करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लिंग, वचन, प्रयोग, सामान्यरूप तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालते.

माझी सुरुवातीची पद्धत साधी होती. व्याकरणाला दहा गुण, दर चुकीला अर्धा गुण वजा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीच सांगितली होती आणि वर म्हणाले होते, "सवय झाली की नजर टाकताच कळतं." नवीन माणसाला असा सल्ला देऊ नये असं माझं आजही ठाम मत आहे. नजरेला काय कळतं हे शब्दांत मांडता येत नसेल, तर विद्यार्थ्याला ते समजावून तरी कसं सांगणार?

विषय होता 'पावसातला एक दिवस'. एका हिंदीभाषक विद्यार्थ्याने लिहिलं: "त्या दिवशी खूप पाऊस होता. मी घरी होतो. मला पाऊस आवडतो. माझी आई मुंबईत आहे. मुंबईत पण पाऊस असतो." अशी बावीस वाक्यं, दोन चुका. दहापैकी नऊ.

पुढची वही एका कन्नडभाषक नर्सची होती. तिच्या निबंधातला हा तुकडा मी उतरवून ठेवलाय: "ज्या दिवशी पाऊस सुरू झाला त्या दिवशी मी छत्री घरी विसरले. बसमधून उतरताना माझा पाय घसरला आणि हातातली डबा चिखलात पडली. रस्त्यावर उभी असलेली एक बाई मला उठवली. ती मला तिच्या घरी नेली आणि गरम चहा दिली. मी तिला थँक्यू म्हणाले, पण ती म्हणाली की असं म्हणायचं नसतं."

एवढ्या तुकड्यात माझ्या सात लाल खुणा होत्या: हातातली, पडली, बाई, उठवली, ती, नेली, दिली. पूर्ण निबंधात पंधरा. साडेसात गुण वजा, हातात अडीच.

पुढच्या निबंधात तिने अकरा वाक्यं लिहिली. "मला सण आवडतो. घरी पाहुणे येतात." एकही चूक नव्हती. मी खाली 'छान प्रगती' असं लिहिलं. ती वही आठवली की मला अजून वाईट वाटतं. ज्या बाईला 'ज्या दिवशी... त्या दिवशी' लिहिता येत होतं, ती माझ्या लाल पेनामुळे पहिलीच्या पुस्तकातली वाक्यं लिहायला लागली होती, आणि मी तिला शाबासकी देत होते.

हा सापळा नीट उलगडून सांगते, कारण रूब्रिक सुबक छापलेलं असलं तरी माणूस त्यात अडकतो. पहिली गोष्ट, चुका आणि खुणा एकच नव्हेत. वरच्या सात खुणांमागे चुका दोनच आहेत. 'डबा' पुल्लिंगी आहे हे तिला माहीत नव्हतं, म्हणून दोन खुणा. आणि भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाचा कर्ता 'ने' घेतो आणि क्रियापद त्याच्यामागे जात नाही, ही व्यवस्थाच तिच्याकडे नव्हती. कन्नडमध्ये ती नाही. एका न शिकलेल्या नियमाच्या पाच खुणा झाल्या. उरलेल्या निबंधातही तेच, शिवाय 'दवाखानात'सारखी सामान्यरूपाची चूक तीनदा. म्हणजे पंधरा खुणांमागे चुका फक्त तीन.

दुसरी गोष्ट, हिंदीभाषक विद्यार्थ्याच्या बावीस वाक्यांत 'त्याने अमुक केलं' असं वाक्य एकदाही आलं नव्हतं. नपुंसकलिंगी नामाला विशेषणही कुठे जोडलेलं नव्हतं. हिंदीभाषकांचे पाय इथेच घसरतात: 'पुस्तक वाचली', 'घर मोठा आहे'. जिथे पडण्याची शक्यता होती तिकडे तो फिरकलाच नव्हता. त्याच्या नऊ गुणांनी त्याचं व्याकरण मोजलं नव्हतं, त्याची सावधगिरी मोजली होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. नर्सच्या तुकड्यात 'मी विसरले', 'ती म्हणाली' हे बरोबर आहे. विसरणे, म्हणणे, बोलणे, शिकणे, नेसणे ही क्रियापदं 'ने' घेत नाहीत. पण तिला हा अपवाद येत होता असं मुळीच नाही. ती सगळीच क्रियापदं कर्त्यामागे नेत होती, त्यामुळे अपवादाच्या जागी आपोआप बरोबर ठरत होती. म्हणून बरोबर वाक्य दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. 'मी'च्या वाक्यांत तर कर्त्याचा 'ने' दिसतच नाही. नियम खरंच आलाय का, हे तृतीय पुरुषातल्या सकर्मक भूतकाळातच पाहायचं. (सीमाभागातल्या काही बोलींत 'मी काम केलो' असंच म्हणतात. तसं बोलणारं माणूस वर्गात असेल तर त्याला 'चुकलं' म्हणू नका, प्रमाण लेखनात काय लिहितात ते दाखवा.)

यानंतर मी एका आकड्याचे दोन रकाने केले: व्याप्ती, म्हणजे किती तऱ्हेच्या रचना लिहिल्या, आणि अचूकता, म्हणजे त्या किती बरोबर आल्या. हा शोध माझा नाही. युरोप परिषदेच्या २००१ च्या भाषा-चौकटीत व्याप्ती आणि व्याकरणाची अचूकता यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत दोन्ही एकाच निकषात आहेत, पण तिथेही सहाव्या बँडच्या वर्णनात गुंतागुंतीच्या रचना साध्या रचनांइतक्या अचूक नसतात हे धरलेलं आहे. मात्र इंग्रजीचं रूब्रिक भाषांतर करून वापरण्याचा शॉर्टकट कृपा करून टाळा. त्यात आर्टिकल असतील, सामान्यरूप नसेल, आणि गुंतागुंत मोजायची ती उपवाक्यं मोजून. मराठीत 'रस्त्यावर उभी असलेली बाई' किंवा 'बसमधून उतरताना' यांत उपवाक्य नाही, शाळेच्या व्याकरणात ती केवल वाक्यंच. पण शिकणाऱ्याला ती 'मला वाटतं की' पेक्षा कितीतरी अवघड जातात. मीही एक सत्रभर फक्त मिश्र वाक्यं मोजत बसले होते.

व्याप्तीच्या माझ्या पाच श्रेणी अशा. पहिलीत 'आहे-होता'ची वाक्यं आणि पाठ केलेले तुकडे. दुसरीत साधी वाक्यं, 'आणि', 'पण', 'म्हणून'ने जोडलेली. तिसरीत 'जाऊन', 'बघताना', 'की', 'कारण', 'जर-तर' यांतलं काही स्वतःच्या शब्दांत येतं. चौथीत 'ज्या-त्या', '-लेला', '-णारा', '-ल्यावर' येतात, चुकतमाकत आले तरी चालतील. पाचवीत रचना गरजेप्रमाणे निवडलेली असते, लांब वाक्यानंतर मुद्दाम एक छोटं येतं. पाठ करून आणलेली झोकदार सुरुवात मी मोजत नाही. तीच रचना निबंधात दुसरीकडे वेगळ्या शब्दांत आली तरच धरते.

अचूकतेत पहिली श्रेणी म्हणजे साध्या वाक्यातही अर्थाचा अंदाज बांधावा लागतो. दुसरीत वर्तमान आणि भविष्य सावरलेले, पण भूतकाळ आणि सामान्यरूप सारखे कोसळतात, वाक्य दोनदा वाचावं लागतं. तिसरीत साध्या रचना भरवशाच्या असतात आणि एखाददुसरी व्यवस्था सतत चुकते, पण वाचताना अडत नाही. चौथीत व्यवस्था बसलेल्या असतात, चुका अपवादांत किंवा लांब वाक्याच्या शेवटी होतात. पाचवीत राहतात त्या फक्त लिहिणाऱ्याला स्वतः पुन्हा वाचल्यावर सापडतील अशा निसटत्या चुका. ऱ्हस्व-दीर्घ यात धरत नाही, तो लेखननियमांचा वेगळा रकाना.

याला जोडून एक नियम आहे आणि त्यावरच सगळं उभं आहे. जिथे 'ने', सामान्यरूप किंवा नपुंसकलिंग यांची कसोटी लागते अशा जागाच निबंधात नसतील, तर अचूकता तिसऱ्या श्रेणीच्या वर जात नाही. जागा अगदी मोजा. नर्सच्या निबंधात तृतीय पुरुषी सकर्मक भूतकाळाच्या सहा जागा होत्या, सहाही चुकल्या. हा ठोस पुरावा. एकदोन जागांवरून मात्र काही ठरवू नका. या हिशेबाने तिची व्याप्ती चार, अचूकता तीन, एकूण सात. बावीस वाक्यांच्या निबंधाला दोन आणि तीन, एकूण पाच.

घाबरू नका, याला वेळ फार लागत नाही. पहिल्या वाचनात पेन खाली ठेवा आणि फक्त व्याप्ती ठरवा. पेन हातात असला की डोळे चुकाच शोधतात. दुसऱ्या वाचनात अचूकता. सत्राच्या सुरुवातीला दोघांनी तेच दहा निबंध वेगवेगळे तपासा, आणि जिथे एका श्रेणीहून जास्त फरक पडेल तिथे वाक्यावर बोट ठेवून बोला. आमचे वाद बहुतेक वेळा तिसरी की चौथी इथेच झाले.

पण विषयच चुकीचा दिलात तर यातलं काही उपयोगी नाही. 'माझा आवडता सण' वर्तमानकाळात संपतो. 'मला मदत करणारं माणूस' असा विषय द्या, मग त्या माणसाने काय केलं हे लिहिल्यावाचून सुटका नसते.

नर्सच्या वहीत मी आता पंधरा खुणा करत नाही. त्या निबंधाची झेरॉक्स काढून ठेवली होती. ती पुन्हा तिच्यासमोर ठेवली, 'उठवली, नेली, दिली' यांना एकाच रेषेने जोडलं आणि समासात लिहिलं: "कोणी केलं? तिथे 'ने' लावून बघा." पुन्हा लांब वाक्यं लिहायला तिला जवळजवळ महिना लागला. मग एका निबंधात आलं, "त्या बाईने मला तिची छत्री दिली." आणि दोन ओळी खाली, "नंतर तिने छत्री परत मागायला विसरली." पूर्वी हे 'विसरली' तिचं नकळत बरोबर येत असे. आता नियम आलाय, म्हणून अपवाद चुकलाय. जुन्या पद्धतीत मी इथे अर्धा गुण कापला असता. नव्या रकान्यात त्या दिवशी तिची अचूकता तिसरीवरून चौथीत गेली.