छापखान्याला पाठवलेलं पत्र: स्क्रीनवरचा रंग आणि प्रूफची मागणी

येवल्यातल्या एका पैठणी विणणाऱ्या कुटुंबासाठी मी कॅटलॉगचे फोटो काढले. ४८ पानं, मॅट आर्ट पेपर, फोर कलर ऑफसेट. या कॅटलॉगमधली पानं बघून गिऱ्हाईक फोनवरून साडी मागवतं. घरी आलेली साडी आणि छापील पान यांचा रंग जुळला नाही, तर साडी परत येते आणि तोटा विणकराला सोसावा लागतो. म्हणून फाइलींसोबत मी प्रेसला एक पत्र दिलं. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ते पत्र आणि त्यामागचा विचार इथे मांडते आहे.

बहुतेक नवे फोटोग्राफर प्रेसला एवढंच सांगतात, "माझ्या स्क्रीनवर दिसतंय तसंच यायला हवं." पण तुमची स्क्रीन प्रेसवाल्याला दिसत नाही. तो तुमची फाइल त्याच्या स्क्रीनवर उघडतो, तिथे रंग वेगळा दिसतो, आणि तो आपल्या अंदाजाने चालतो. काही जण त्याहून पुढे जाऊन स्वतःच्या स्क्रीनचं प्रोफाइलच फाइलीत घालून पाठवतात. त्याने काम सोपं होत नाही. स्क्रीनच्या प्रोफाइलमध्ये फक्त त्या एका स्क्रीनच्या खोडी लिहिलेल्या असतात: तिचा पांढरा किती निळसर आहे, तिचा लाल कुठपर्यंत पोचतो. ते तुमच्या संगणकासाठी असतं आणि तिथेच राहायला हवं. फाइलीसोबत जायला हवं ते फाइलीतल्या आकड्यांचा अर्थ सांगणारं प्रोफाइल. आणि आपल्याकडे यायला हवं ते प्रेसच्या छपाईचं प्रोफाइल, म्हणजे अमुक शाई अमुक कागदावर कशी उमटते त्याची नोंद. ही देवाणघेवाण आधी झाली तरच प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा रंगाचा नमुना, मागण्याला अर्थ आहे.

म्हणून पत्राआधी मी प्रेसला फोन करून एकच प्रश्न विचारला: कोटेड कागदावर तुमचं मशीन कोणत्या मानकावर चालतं? उत्तर आलं, फोग्रा ३९. त्याचं प्रचलित प्रोफाइल म्हणजे ISO Coated v2 (ECI). पुष्कळ प्रेस आता त्यानंतरच्या फोग्रा ५१ वर, म्हणजे PSO Coated v3 वर गेल्या आहेत. दोन्हींतला कागदाचा पांढरा रंग वेगळा धरलेला आहे, त्यामुळे अंदाजाने एक निवडू नये, विचारावं. "कुठलंही चालेल" असं उत्तर आलं, तर त्या प्रेसमध्ये रंग मोजून छापत नाहीत असं मी समजते.

आता पत्र.

"स.न.वि.वि.

पैठणी कॅटलॉगच्या छायाचित्रांच्या फाइली सोबत देत आहे. प्लेट काढण्याआधी रंगांबद्दल काही गोष्टी कळवते.

ज्या स्क्रीनवर मी रंग ठरवले, ती कॅलिब्रेटरने मोजून लावलेली आहे: पांढरा डी६५, गॅमा २.२, उजेड चौरस मीटरला १०० कँडेला. फोटो कोणत्या उजेडात पारखले ते आपल्याला कळावं, एवढ्याचसाठी हे लिहिते. स्क्रीनचं प्रोफाइल फाइलींत नाही आणि आपल्याला ते लागणारही नाही.

मूळ फोटो Adobe RGB (1998) मध्ये आहेत. आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे ISO Coated v2 (ECI) धरून मी त्यांचं सीएमवायके केलं आहे आणि तेच प्रोफाइल प्रत्येक फाइलीत एम्बेड केलं आहे. फाइल उघडताना कृपया तेच कायम ठेवावं, पुन्हा रूपांतर करू नये. या कामाचं मशीन किंवा कागद बदलणार असेल तर आधी कळवावं. मी मूळ फोटोंवरून नव्या फाइली करून देईन.

पान ५ (राणी रंगाची साडी), पान १८ (मोरपंखी) आणि पान ३१ (करडी पार्श्वभूमी, मॉडेलचा चेहरा) यांचं पूर्ण आकारातलं रंगप्रूफ हवं आहे. प्रूफ आयएसओ १२६४७-७ प्रमाणे, इंकजेटवर, छपाईच्या कागदाचा रंग धरून काढलेलं असावं. कडेला कंट्रोल पट्टी आणि सोबत मोजणीचा रिपोर्ट असावा. लेझर प्रिंट मजकूर आणि पानांचा क्रम तपासायला चालेल, पण रंगासाठी तो मी धरणार नाही.

राणी आणि मोरपंखी साड्यांच्या त्याच रंगणीतल्या रेशमाच्या लहान लडी सोबत आहेत. प्रूफ डी५० उजेडात लडींशेजारी ठेवून पाहावं, मीही तसंच पाहीन. माझी सही झालेलं प्रूफ छपाईच्या वेळी मशीनवर ठेवावं, ही विनंती.

कळावे."

उजेडाचा आकडा पत्रात का घातला ते सांगते. "छापून आलं ते काळपट आलं" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण प्रखर ठेवलेली स्क्रीन हे असतं. दुकानातून आणलेला मॉनिटर पूर्ण उजेडावर असला की फोटो उजळ भासतो, आपण तो आणखी गडद करतो, आणि कागदावर सगळं बुडतं. ८० ते १२० कँडेला या टप्प्यात स्क्रीन ठेवली की ती कागदाच्या जवळ येते. खात्री करायची साधी रीत आहे: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पाहण्याच्या दिव्याखाली छपाईचा कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटत असेल तर उजेड अजून जास्त आहे.

फाइली देण्याआधी छपाई कशी दिसेल ते स्क्रीनवरच बघता येतं, याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom इथे प्रेसने सांगितलेलं प्रोफाइल निवडायचं आणि Simulate Paper Color चालू करायचं. ते चालू केलं की क्षणात फोटो फिका, धुरकट दिसतो. कागदाचा पांढरा स्क्रीनच्या पांढऱ्याहून मंद असतो, म्हणून हे होतं. स्क्रीनवरचे बाकीचे शुभ्र पट्टे झाकून थोडा वेळ नुसता फोटोच बघितला की डोळा त्याला सरावतो.

पान ५ वर खरी परीक्षा होती. राणी रंग हा मजेंटाच्या जोरावर उभा राहतो. मजेंटा १०० टक्क्यांना टेकला की पुढे जायला वाव उरत नाही, पण खऱ्या रेशमाचा रंग त्याच्याही पलीकडे असतो. रूपांतर करताना Relative Colorimetric घेतलं, तर आवाक्याबाहेरच्या वेगवेगळ्या छटा एकाच काठावर येऊन बसतात. निऱ्यांमधले चढउतार त्यामुळे सपाट होतात आणि साडी कापून चिकटवल्यासारखी दिसते. Perceptual घेतलं, तर सगळाच रंग थोडा उतरतो, पण निऱ्या जिवंत राहतात. त्या पानासाठी मी Perceptual निवडलं, कारण गिऱ्हाइकाला वीण आणि घडी दिसणं महत्त्वाचं होतं. बाकी पानांना Relative Colorimetric आणि Black Point Compensation पुरेसं होतं. हा निर्णय फोटोगणिक करावा, सगळ्या फाइलींवर एकच आज्ञा चालवू नये. विणकरकाकांनाही मी आधीच सांगून ठेवलं की राणी कागदावर थोडी मवाळ येणार आणि जरीची चमक चार शायांत येत नाही. जरीचा भास फक्त उजेड-सावलीतून होतो, त्यामुळे तो फोटो काढतानाच साधावा लागतो.

प्रूफ आलं. राणी स्क्रीनवरच्या सॉफ्ट प्रूफशी जुळत होती, लडीपेक्षा अपेक्षेइतकीच मवाळ. मोरपंखी मात्र ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली लडीपेक्षा हिरवट दिसली, आणि डी५० दिव्याखाली, म्हणजे छपाईचे रंग पारखायच्या प्रमाणित उजेडात, नेल्यावर लडीशी जुळली. रेशमाचा रंग आणि छपाईची शाई यांची घडण वेगळी असते, म्हणून एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटते. तो दिवा जवळ नसेल तर दिवसा, उन्हाची तिरीप नसलेल्या खिडकीपाशी बघावं. भिंत रंगीत असेल तर तिचाही रंग कागदावर पडतो, तेवढं लक्षात असू द्यावं.

पान ३१ वर खरी गडबड होती. करडी पार्श्वभूमी गुलाबीकडे झुकली होती आणि चेहरा तापल्यासारखा लाल दिसत होता. अशा वेळी फाइल दुरुस्त करायला धावू नये, आधी कडेची पट्टी बघावी. तिच्यात सायन ५०, मजेंटा ४०, पिवळी ४० टक्के अशा शायांचा एक ठोकळा असतो. फोग्रा ३९ मध्ये तो जवळजवळ निखळ करडा दिसायला हवा. ठोकळा करडा असेल आणि फोटो गुलाबी, तर दोष फाइलीत. ठोकळाही गुलाबी असेल, तर प्रूफ काढणारा प्रिंटरच घसरलेला आहे. इथे ठोकळा गुलाबी होता आणि रिपोर्टही जोडलेला नव्हता. मी तेवढंच कळवलं, फाइलीला हात लावला नाही. प्रेसने प्रिंटर पुन्हा मोजून लावला आणि दुसरं प्रूफ रिपोर्टसह दिलं. रिपोर्टमध्ये सरासरी फरक बघावा. तो आयएसओ १२६४७-७ प्रमाणे डेल्टा ई २००० या रंगफरकाच्या मापात २.५ च्या आत असावा लागतो. दुसऱ्या प्रूफचा फरक आत बसत होता आणि पार्श्वभूमी पुन्हा करडी झाली होती.

प्रूफ मंजूर झालं तरी मशीनची एक मर्यादा उरते, आणि ती नव्या माणसाला कुणी सांगत नाही. ऑफसेटच्या मोठ्या शीटवर अनेक पानं एकत्र छापली जातात. शाई शीटच्या रुंदीत पट्ट्यापट्ट्याने सोडली जाते, आणि एका पट्ट्यात मागेपुढे येणारी सगळी पानं तीच शाई वाटून घेतात. राणी साडी खुलवायला ऑपरेटरने त्या पट्ट्यात मजेंटा वाढवला की त्याच रांगेतल्या चेहऱ्यावर लाली चढते. म्हणून प्रूफवर सही करतानाच मी पानांची मांडणी मागवून घेतली. ५ आणि ३१ ही पानं योगायोगाने एकाच शीटवर, एकाच रांगेत येत होती. कॅटलॉगमध्ये साड्यांचा क्रम बदलता येण्याजोगा होता, म्हणून चेहऱ्याचं पान दुसऱ्या शीटवर हलवून घेतलं. क्रम पक्का असता, तर त्या रांगेत चेहरा प्रूफप्रमाणे धरावा आणि राणीला जेवढं मिळेल तेवढंच द्यावं, असं लिहून दिलं असतं.

कव्हरला मॅट लॅमिनेशन होतं. त्याने गडद रंग थोडे दबतात आणि ते प्रूफमध्ये दिसत नाही. त्यासाठी प्रेसकडून त्याच फिल्मचा तुकडा घेऊन प्रूफवर चिकटवून पाहिला आणि मगच कव्हरवर सही केली. सही केलेल्या प्रूफची एक प्रत मशीनवर गेली, दुसरी मी पाकिटात अंधारात ठेवली आहे. उजेडात पडलेलं इंकजेट प्रूफ हळूहळू उडतं, आणि पुढच्या आवृत्तीला तेच लागणार आहे.